शवासनात गरगरलं, आता कुठली आसनं करू?

*मी २७ वर्षांची, जळगावात राहते. पहिलंच बाळंतपण, सध्या २२ वा आठवडा. लग्नाआधीपासून रोज योगासनं करायचे: सहा सूर्यनमस्कार, भुजंगासन, नौकासन, त्रिकोणासन, कपालभाती आणि शेवटी शवासन. तिसऱ्या महिन्यात उलट्यांमुळे सगळं बंद झालं. आता डॉक्टर म्हणाल्या, सोनोग्राफी चांगली आहे, व्यायाम सुरू करा. पण कोणता ते विचारायचं राहून गेलं. परवा नुसतं शवासन केलं तर पाच मिनिटांत गरगरलं, घाम फुटला. फार घाबरले. हिमोग्लोबिन ९.८ आहे. मला पोहता येतं, ते चालेल का? सासूबाई म्हणतात, रोज बसून फरशी पुसली की वेगळा व्यायाम लागत नाही आणि डिलिव्हरीही नॉर्मल होते. मार्च लागलाय, ऊन तापायला लागलंय. नेमकं काय करू?*

ताई, सुरुवात त्या शवासनापासूनच करू. तुम्हाला जे झालं त्याचं कारण कळलं, की कुठली आसनं सोडायची यातलं बरंच आपोआप कळेल.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीपर्यंत येतो. बाळ, पाणी, वार आणि गर्भाशय असं सगळं मिळून चांगलंच वजन झालेलं असतं. तुम्ही उताणं पडलात की ते वजन मागे, कण्यावर टेकतं. कण्याच्या उजव्या अंगाने एक मोठी नीला जाते. कमरेखालचं सगळं रक्त तिच्यातून हृदयाकडे परत येतं. नीलेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी, म्हणून ती सहज दबते. शेतात ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढच्या झाडांना पाणी कमी जातं, तसंच इथे होतं. हृदयाकडे रक्त कमी आलं की पुढे कमी जातं, बीपी खाली येतं आणि गरगरणं, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काहीतरी होतं. सगळ्याच बायकांना हे जाणवत नाही. काहींचं रक्त दुसऱ्या शिरांतून वाट काढून वर येतं. तुमच्या शरीराने मात्र लगेच सांगितलं, हे चांगलंच झालं.

त्या पाच मिनिटांनी बाळाला काही झालं असेल, ही भीती काढून टाका. तुम्ही उठलात किंवा कुशीवर वळलात की ती शीर मोकळी होते आणि मिनिटाभरात बरं वाटायला लागतं. रात्री झोपेत उताण्या झालात आणि जाग आली, तरी घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं. मात्र २८ व्या आठवड्यापासून झोपताना सुरुवात कुशीवरच करा.

शवासन सोडायची गरज नाही, फक्त ते आता डाव्या कुशीवर करायचं. एक उशी डोक्याखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, आणि पोटाखाली घडी घातलेली पातळ चादर, म्हणजे पोट खाली ओढलं जात नाही. वरचा हात उशीवर टेकवा. पाच ते दहा मिनिटं पुरेत. उठताना आधी हातांच्या आधाराने बसायचं, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग उभं राहायचं. दवाखान्यात तपासणीसाठी उताणं झोपावं लागलं तर उजव्या कुल्ल्याखाली टॉवेलची जाड घडी द्यायला सांगा. पोट थोडं डावीकडे कललं तरी तेवढ्याने दाब हलका होतो.

याच कारणाने, उताणं पडून बराच वेळ करायचे सगळेच प्रकार आता बाजूला ठेवा. पाय उचलून धरणं आलं, उताणं पडून पोटाचे व्यायाम आले. एका जागी खांबासारखं उभं राहून ताडासन किंवा वृक्षासन मिनिट-दोन मिनिटं धरणंही नको. उभं राहिल्यावर रक्त पायांत साठतं आणि पोटऱ्या हलत नसल्या तर ते वर ढकललं जात नाही. ताडासन करायचंच तर भिंतीला पाठ लावून करा. हात वर नेताना श्वास घ्या, खाली आणताना सोडा, चार-पाच वेळा झालं की दोन पावलं चाला.

आता तुमची जुनी यादी घेऊ.

सूर्यनमस्कार सध्या बंद ठेवा. त्यात खाली वाकताना मांड्या पोटावर येतात, अष्टांग आणि भुजंग या स्थिती पोटाच्या बाजूने जमिनीला लागतात, आणि डोकं पटापट खाली-वर झाल्याने पुन्हा तेच गरगरणं येतं. भुजंगासन, शलभासन, धनुरासन ही पालथी आसनं पोटावर वजन टाकतात, म्हणून तीही बाळंतपणानंतरच.

त्या जागी मार्जारासन घ्या. सहाव्या महिन्यात पाठीला इतका आराम दुसऱ्या कुठल्या आसनाने क्वचितच मिळतो. जमिनीवर सतरंजी, गुडघ्यांखाली चादरीची घडी. हातांचे पंजे बरोबर खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली, त्यांच्यात वीतभर अंतर. श्वास सोडत हळूहळू पाठ वर फुगवा, हनुवटी छातीकडे, माकडहाड आत. श्वास घेत पाठ परत सपाट करा, आणि इथेच थांबा. एरवी पाठ खाली खोलगट करतात, ते आता करायचं नाही. पोटाच्या वजनाने कमरेचा बाक आधीच वाढलेला असतो. तो आणखी वाढवला की मणक्यांच्या सांध्यांवर दाब येऊन कंबर दुखते. आठ ते दहा वेळा करा. मनगटं दुखली तर पंजांऐवजी मुठी टेकवा, किंवा खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून उभ्याने करा.

नौकासनाची गोष्ट वेगळी आहे. पोटाच्या मधोमध, छातीपासून ओटीपर्यंत, दोन सरळ स्नायूंना जोडणारी एक पट्टी असते. पोट वाढतं तशी ती ताणून रुंद होते आणि स्नायू बाजूला सरकतात. हे होणारच, पण नौकासन, उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम किंवा दोन्ही पाय एकदम उचलणं यांनी आतला दाब वाढतो आणि पट्टी जास्त ताणली जाते. ओळखायचं कसं, तर कुठलीही हालचाल करताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा, मासोळीच्या पाठीसारखी लांबट धार उठताना दिसली की ती हालचाल सोडायची. पलंगावरून सरळ उठून बसतानाही हा उंचवटा दिसतो. म्हणून सकाळी आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटून बसा.

पोटाला काम हवंच, ते असं द्या. मार्जारासनाच्याच स्थितीत, पाठ सपाट ठेवून, श्वास सोडताना बेंबी हलकेच पाठीकडे ओढा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, बोलता येईल इतपत श्वास चालू ठेवा आणि सैल सोडा. दहा वेळा. याच्या जोडीला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. लघवी आणि वायू रोखताना जे आत-वर ओढले जातात तेच ते. पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद पूर्ण सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मांड्या किंवा कुल्ले घट्ट होत असतील, श्वास अडकत असेल तर चुकीचे स्नायू कामाला लागलेत. सैल सोडण्याकडे बहुतेक जणी दुर्लक्ष करतात, पण बाळ बाहेर येताना हाच भाग ढिला सोडता आला पाहिजे.

त्रिकोणासन ठेवा, पण बदलून. गर्भारपणात शरीरातल्या बदलांमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात. त्यामुळे एरवी पायाच्या बोटांपर्यंत न पोचणारा हात आता पोचतो आणि आपण लवचीक झालो असं वाटतं. नेमका इथेच सांधा दुखावतो, कारण ताण स्नायूवर न येता बंधांवर येतो. भिंतीला पाठ लावा, पाय नेहमीपेक्षा जवळ ठेवा, खालचा हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवा. ताण जाणवला की त्याच्या अलीकडे थांबा. वर बघायचं नाही, समोर बघा. पुढे आलेल्या पोटाने तोल आधीच बदललेला असतो.

कमरेतून पिळा देणारी आसनं, म्हणजे वक्रासन आणि अर्धमत्स्येंद्रासन, सोडा. मांडी घालून बसा आणि फक्त खांदे व छाती एका बाजूला वळवा, तेवढं पुरतं. सर्वांगासन, हलासन, शीर्षासन पूर्ण बंद. भद्रासन चांगलं आहे. तळपाय जोडून बसा, गुडघ्यांखाली उश्या द्या, पण गुडघे हाताने दाबू नका आणि फुलपाखरासारखे उडवू नका. बसताना पुढे जांघेच्या मध्ये, हाडाच्या सांध्यावर कळ आली, किंवा पलंगावर कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना तिथे दुखत असलं, तर पाय फाकवायचे सगळे प्रकार थांबवा आणि पुढच्या तपासणीत सांगा. हे दुखणं सहन करून जात नाही, वाढतं.

कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान बंध आणि श्वास रोखून धरायचे सगळे प्रकार नऊ महिने नको. पोटाला झटके बसतात, आणि श्वास रोखला की आतला दाब वाढतो. कुंभक न करता अनुलोम-विलोम, आणि भ्रामरी, ही दोन पाच-पाच मिनिटं करा. बाळ मोठं झालं की फुप्फुसांना खाली जागा कमी पडते, तेव्हा बसून केलेल्या संथ श्वासाचा उपयोग आठव्या-नवव्या महिन्यात कळेल.

सासूबाईंच्या म्हणण्यात काही खरं आहे आणि काही नाही. घरकामाने शरीर हलतं, ते मोजायला हरकत नाही. पण बसून फरशी पुसताना आपण एका हाताने पुढे आणि बाजूला ताणतो, कंबर पिळत सरकतो, ओल्या फरशीवर पाय घसरू शकतो आणि पटकन उठलं की भोवळ येते. श्वास आणि हृदयाची गती जी वीस-तीस मिनिटं सलग थोडी वाढलेली राहायला हवी, ती यात राहत नाही. फरशी पुसल्याने नॉर्मल डिलिव्हरी होते याला आधार नाही. तिथे बाळाचं डोकं कसं आहे, कळा कशा येतात, वार कुठे आहे, अशा बऱ्याच गोष्टी ठरवतात. लांब दांड्याच्या पोछ्याने उभ्याने पुसा. उकिडवं बसण्याचा फायदा हवा तर दुपारी पाच मिनिटं पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ भिंतीला, उठताना हाताशी धरायला काहीतरी. मूळव्याध, पायांच्या शिरा फुगलेल्या, वार खाली, किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असला तर तेही नको.

पाणी भरणं हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. भरलेला हंडा किंवा बादली पंधरा किलोच्या आसपास जाते. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात ते काम सुनेच्या वाट्याला आलं की एका तासात वीस-वीस वेळा वाकणं होतं. अर्धी बादली भरा, ती अंगाजवळ धरा, गुडघे वाकवून उचला आणि उचलताना श्वास सोडा. डोक्यावर हंडा आता नको. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांकडून सांगवा. घरातली मोठी माणसं काळजीपोटीच बोलतात, आणि डॉक्टरांनी समोर बसून सांगितलेलं बहुतेक ऐकतातही.

आता चालणं. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, हे निरोगी गर्भवतीसाठी सर्वमान्य प्रमाण आहे. तुमचे दोन-अडीच महिने बंद गेलेत आणि रक्तही कमी आहे, म्हणून पहिल्याच दिवशी अर्धा तास नको. पहिला आठवडा दहा मिनिटं, दुसरा पंधरा, तिसरा वीस, असं पाच-पाचने वाढवत पाचव्या आठवड्यात अर्ध्या तासावर या. पहिली तीन आणि शेवटची तीन मिनिटं अगदी हळू. वेग मोजायला घड्याळातले ठोके बघू नका, गर्भारपणात हृदय तसंही जास्त वेगाने चालतं. सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, एवढा वेग बरोबर. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे गर्भारपणात रक्त कमी समजतात, आणि ७ ते ९.९ याला मध्यम प्रमाणात कमी म्हणतात. तुम्ही त्यात आहात. चालणं बंद करायची गरज नाही, पण दम लवकर लागेल आणि पायऱ्यांवर छाती धडधडेल. लोहाच्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा विचारून घ्या, कारण रक्त कमी असताना नेहमीची रोजची एक गोळी पुरेलच असं नाही. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर व्यायाम थांबवून आधी उपचार. नंदुरबार, शिरपूर, चोपडा भागातल्या वाचकांनी सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. आजार असणाऱ्यांना ऊन, अंगातलं पाणी कमी होणं आणि दमछाक यांनी त्रास उद्भवतो, त्यांचा व्यायाम डॉक्टरांनीच ठरवायचा.

तुमचा सातवा आणि आठवा महिना नेमका एप्रिल-मेमध्ये येतो, आणि त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त असतं आणि ते आपली उष्णता आईच्याच अंगातून बाहेर टाकतं. आईला घाम येऊन अंग थंड होत नसेल तर बाळालाही दुसरी वाट नाही. आईचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊ न देणं हा नियम. त्यासाठी सकाळी सहा ते साडेसात हीच वेळ धरा. संध्याकाळी ऊन उतरलेलं दिसतं, पण डांबरी रस्ता आणि भिंती उशिरापर्यंत आग ओकत असतात. मेहरूण तलावाचा काठ किंवा जवळचं कुठलंही सावलीचं, सपाट मैदान घ्या. खडबडीत वाट आणि चढ नको. सैल सुती कपडे, डोक्याला ओला रुमाल. चपलेवर चालू नका, नाडीचे बूट घाला, आणि पाय सुजत असतील तर अर्धा नंबर मोठे.

उपाशी पोटी निघू नका. एक केळ आणि ग्लासभर पाणी घेऊन वीस मिनिटांनी चालायला जा, बाटली सोबत ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. चालताना डोकं दुखू लागलं, अंगावर काटा आला किंवा घाम येईनासा झाला, तर सावलीत बसा, मान-काखेत ओला कपडा ठेवा, आणि दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर दवाखाना. लू वाहते त्या दिवशी घराबाहेर जाऊ नका. दहा-दहा मिनिटं तीनदा पंख्याखाली घरातल्या घरात चाला, तेही मोजलं जातं.

पोहण्यासाठी तर मी म्हणेन, जमत असेल तर नक्की. पाणी पोटाचं वजन तोलून धरतं, कंबर आणि गुडघे मोकळे होतात, पायांची सूज उतरते आणि अंग तापत नाही. पण ते क्लोरीन टाकलेल्या, तळ स्पष्ट दिसणाऱ्या तलावातच. शेतातली विहीर, पाटाचं पाणी, गिरणा किंवा तापीचं पात्र नको. शेवाळलेल्या पायऱ्या, न दिसणारी खोली आणि घाण पाणी, तिन्ही धोके तिथे एकत्र असतात. अडावदजवळच्या उनपदेवला गेलात तर गरम कुंडात बसून राहू नका. गरम पाण्यात अंगाला उष्णता बाहेर टाकता येत नाही.

सकाळी लवकर जा. मे महिन्यात दुपारपर्यंत उघड्या तलावाचं पाणीही तापतं, आणि व्यायामाला ३२ अंशांच्या वरचं पाणी नको. शिडी धरून उतरा, उडी किंवा सूर नाही. पहिले दोन आठवडे पंधरा-वीस मिनिटं पुरेत. सरळ हात मारत पोहणं, म्हणजे फ्रीस्टाइल, सगळ्यात सोयीचं. बेडकासारखे पाय झटकत पोहण्याने जांघेतल्या सांध्यावर ताण येतो आणि मान वर काढल्याने कंबर खोलगट होते, तेव्हा दुखत असेल तर सोडा. पाठीवर तरंगताना गरगरलं तर लगेच वळा. पाण्याखाली श्वास धरून राहायचं नाही. थकवा वाटला तर छातीइतक्या पाण्यात नुसतं चाला, त्याचाही व्यायाम चांगला होतो. ज्यांना पोहता येत नाही त्यांनीही हेच करावं, या दिवसांत नव्याने शिकायला जाऊ नये. पाण्यात घाम कळत नाही, म्हणून काठावर पिण्याच्या पाण्याची बाटली ठेवा. बाहेर येताना पाण्याचा आधार एकदम जातो आणि बीपी खाली येतं. शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबा, मग चाला.

पोहून आल्यावर एक गोंधळ होतो. खालून थोडं पाणी येतं आणि ते तलावाचं की बाळाभोवतीचं, कळत नाही. अंग कोरडं करा, स्वच्छ पॅड लावा आणि तासभर आराम करा. तलावाचं पाणी असेल तर ते थांबतं. पॅड पुन्हा ओला झाला, तर तो पॅड तसाच घेऊन दवाखान्यात जा. अंगावर रक्त जात असेल किंवा पाणी गेल्याची शंका असेल तेव्हा तलावात उतरायचंच नाही.

कुठलाही व्यायाम करताना रक्त दिसलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, बसल्यावरही दम ओसरेना, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. रक्तस्राव जास्त असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन. पोट अधूनमधून घट्ट होऊन सैल पडणं या महिन्यांत होतं, आणि बसून पाणी प्यायलं की थांबतं. ते नियमित अंतराने, तासात चार-सहा वेळा येऊ लागलं तर घरी वाट बघू नका. जांघेत उठताना क्षणभर येणारी सुईसारखी कळ मात्र गर्भाशयाच्या बंधांची असते, हळू उठलं की ती टळते.

तुमच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला आहे, तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन दोन गोष्टी विचाराच: वार गर्भपिशवीच्या तोंडापासून किती दूर आहे, आणि तोंडाची लांबी चांगली आहे का. वार खाली आहे असं लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ती पुढे वर सरकते, पण पुन्हा सोनोग्राफी होईपर्यंत जोराचा व्यायाम, वजन उचलणं आणि उकिडवं बसणं बंद ठेवा, आणि चालण्याचं डॉक्टरांना विचारा. दोन्ही ठीक असेल तर पहिला आठवडा असा ठेवा: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहा मिनिटं चालणं, मंगळवार, गुरुवार, शनिवार मार्जारासन, भिंतीशी त्रिकोणासन, भद्रासन, अनुलोम-विलोम आणि शेवटी कुशीवरचं शवासन, सगळं मिळून वीस मिनिटं. तळाच्या स्नायूंचा व्यायाम रोज तीनदा. रविवारी सुट्टी. तलाव दुसऱ्या आठवड्यापासून, चालण्याच्या एका दिवसाऐवजी. व्यायामानंतर दोन तासांनीही गळून गेल्यासारखं वाटलं, किंवा दुसऱ्या दिवशी अंग उठत नसलं, तर पुढच्या आठवड्यात मिनिटं वाढवू नका, आहे तिथेच राहा.